लिंक्डइनवर सर्टिफिकेट किती टाकायची?

बऱ्याच फ्रेशर्सच्या लिंक्डइनवर पंधरा-वीस सर्टिफिकेट दिसतात. त्यातली अर्धी नुसता व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून मिळालेली. मग एनपीटीईएलची केंद्रावर जाऊन दिलेली परीक्षाही त्या गर्दीत हरवते. म्हणून `Licenses & certifications` मध्ये परीक्षा देऊन मिळवलेलीच ठेवा आणि `Credential URL` भरा, म्हणजे समोरच्याला तपासता येतं. एडब्ल्यूएसची सर्टिफिकेट 3 वर्षांनी संपतात; मुदत गेलेलं काढून टाका.

बाकीच्या कोर्सचं काय? शिकून काही बनवलं असेल तर तो प्रोजेक्ट लिहा, कोर्सचं नाव त्याच्या वर्णनात येऊ दे. काहीच बनवलं नसेल तर, खरं सांगू, तो कोर्स नसला तरी चालतो.

व्हॉलंटिअरिंगचंही तसंच. ‘एनएसएस स्वयंसेवक, समाजसेवेची आवड’ यातून तुम्ही काय केलंत ते कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘एनएसएस शिबिरात चौघांनी 60 घरांचा पाण्याचा सर्व्हे केला, फॉर्म मी बनवला आणि शीटमधल्या दुबार नोंदी काढल्या.’ डेटाच्या नोकरीसाठी हे थेट कामाचं आहे. फक्त आकडा खरा हवा, कारण दुबार नोंदी ओळखल्या कशा, हे इंटरव्ह्यूत विचारू शकतात.