पडवीतल्या पोस्टाचा राजीनामा

आमच्या गावचं पोस्ट उद्यापासून बंद. आज दुपारी मास्तरांनी पडवीतल्या त्याच टेबलावर बसून राजीनामा लिहिला. जेमतेम सहा ओळी. नाव, हुद्दा, शाखा डाकघराचं नाव, रुजू झाल्याची तारीख, घरगुती कारण आणि सेवेतून मुक्त करण्याची विनंती.

पोस्ट बंद झालं तरी खातं दुसऱ्या पोस्टात सोय करतं, मग राजीनामा कशाला, असं मी विचारलं. त्याचं उत्तर या नोकरीच्या घडणीतच आहे. शाखा डाकघराचा पोस्टमास्तर हा ग्रामीण डाकसेवक. त्याला पगार नसतो, भत्ता असतो. २०१८च्या सुधारणेत चार तासांच्या कामासाठी तो १२,००० रुपयांपासून सुरू झाला. माणसाने राहायचं त्याच गावात आणि पोस्टासाठी जागाही आपणच द्यायची. म्हणून बहुतेक खेड्यांत पोस्ट मास्तरांच्या घरातच असतं आणि जोडीला शेती असते. दुसऱ्या गावी जायचं म्हणजे ते सगळं मागे टाकायचं. मास्तरांच्या पासष्टीला अजून चार वर्षं आहेत, पण वय झालेली आई आणि दोन म्हशी सोडून ते कुठे जाणार?

अर्ज दिला म्हणजे सुटका झाली असं मात्र नाही. तो मंजूर व्हावा लागतो, आणि त्याआधी चार्ज द्यावा लागतो. मास्तरांनी सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. रोकड, तिकिटं, थैलीच्या लाखेवर उठवायचा शिक्का, पत्रपेटीची किल्ली, वजनकाटा, हिशेबाच्या वह्या. वहीतली शिल्लक आणि हातातली रोकड रुपया-पैशाने जुळली पाहिजे. कमी पडली तर ती मास्तरांनीच भरायची. शेवटी तारखेचा शिक्का. त्यातले आकडे रोज सकाळी चिमट्याने बदलायचे आणि पहिला ठसा वहीत उमटवायचा, ही त्यांची सवय. आजचा ठसा उमटला, तेव्हा खालची पानं कोरीच होती.

खातेदारांचे पैसे बुडत नाहीत. बचत खातं, आरडी, सुकन्या ही खाती सहसा वरच्या सब पोस्टाकडे जातात. धोका वेगळाच असतो. एखाद्याने पैसे हातात दिलेले असतात, पण पासबुकात नोंद आणि शिक्का नसतो, किंवा पासबुकातली शिल्लक पोस्टाच्या नोंदीशी जुळत नाही. असा घोळ मास्तर समोर असेपर्यंत लगेच सुटतो. एकदा चार्ज दिला की अर्ज आणि चौकशी मागे लागते. म्हणूनच मास्तरांनी आठवडाभर घरोघर फिरून पासबुकं मागवली आणि एकेक शिल्लक ताडून दिली. राजीनाम्यात याचा शब्दही नाही.

तुमच्या गावचं पोस्ट बंद होणार असं कानावर आलं, तर मास्तर खुर्चीवर आहेत तोवर पासबुक घेऊन जा, शेवटची नोंद आणि शिक्का तपासा आणि खातं कुठल्या सब पोस्टाकडे जाणार ते विचारून घ्या.