डोम की बुलेट? आधी जागा पाहा, मग कॅमेरा

दुकानात चोरी होते, मालक रेकॉर्डिंग उघडतो आणि पडद्यावर एक काळी आकृती दिसते. माणूस आत आला, गल्ल्यापाशी गेला, बाहेर पडला; सगळं दिसतं, फक्त चेहरा दिसत नाही. कॅमेरा चालू होता, पण त्या जागेसाठी तो योग्य नव्हता. कॅमेरा घेताना दुकानदार बहुतेक वेळा एवढंच विचारतो, 'गोल घेऊ की लांब?' खरं तर आधी तीन गोष्टी तपासायला हव्यात. कॅमेऱ्यापर्यंत हात पोचतो का, तिथून किती भाग दिसायला हवा आणि कोणता उजेड लेन्सवर येतो. त्यांची उत्तरं मिळाली की आकार आपोआप ठरतो.

त्यासाठी एक गाळा डोळ्यांसमोर आणू. दहा फूट रुंद, वीस फूट खोल, पश्चिमेकडे तोंड असलेलं स्टेशनरीचं दुकान. एका बाजूला रॅक, दुसऱ्या बाजूला काचेचं शोकेस, मागच्या टोकाला गल्ला आणि पुढे शटर.

हात पोचतो का?

बुलेट कॅमेरा भिंतीतून बाहेर आलेल्या ब्रॅकेटवर असतो. तो लांबून नजरेत भरतो, त्यामुळे इथे लक्ष आहे हे येणाऱ्याला आधीच कळतं. पण त्याच लांबट आकारामुळे काठीने ढकलून त्याचं तोंड आकाशाकडे वळवणं सोपं जातं. वायर भिंतीवरून उघडी नेली असेल, तर ती कापायलाही वेळ लागत नाही. डोममध्ये लेन्स घुमटाच्या आत असते. ती कुठे वळली आहे हे बाहेरून नीट कळत नाही, धरून फिरवायला काही हाताला लागत नाही आणि वायर थेट पाठीमागून छतात किंवा भिंतीत जाते.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. स्वस्त संचात डोम म्हणून जो मिळतो, तो बऱ्याचदा प्लॅस्टिकच्या वाटीत बसवलेला उघड्या लेन्सचा गोळा असतो. आतल्या छतासाठी तो उत्तम, पण मार सोसायला तो केलेलाच नाही. बाहेरच्या डोमवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात 'आयके 10' असं लिहिलेलं हवं. या चाचणीत 20 ज्यूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे पाच किलोचं वजन 40 सेंटीमीटरवरून पडावं इतका. हाताचा ठोसा किंवा काठीचा फटका अशा डोमला सहन होतो. कोणी निवांत हातोडा मारत बसलं तर तोही फुटेल, आणि रंगाचा फवारा कोणताही कॅमेरा अडवू शकत नाही.

आपल्या गाळ्यात शटरवरचा छज्जा जेमतेम नऊ फुटांवर आहे, काठी सहज पोचते. म्हणून बाहेर आयके 10चा धातूच्या बैठकीचा डोम. तीच जागा बारा-चौदा फुटांवर असती, तर बुलेट चालला असता.

किती दिसायला हवं?

'डोममध्ये जास्त भाग दिसतो' हा समज फार पसरलेला आहे. किती रुंद भाग दिसतो हे लेन्सवर ठरतं, कॅमेऱ्याच्या आकारावर नाही. 2.8 मिलिमीटरची लेन्स डोममध्ये असो वा बुलेटमध्ये, सुमारे 105 अंशांचा भाग दाखवते. 6 मिलिमीटरची लेन्स साधारण 52 अंशांचाच दाखवते, पण लांबचं मोठं करून.

गल्ल्यामागच्या भिंतीवर दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा शटरकडे तोंड करून लावला, अंतर साधारण 18 फूट. त्याचं चित्र आडवं 1920 ठिपक्यांचं असतं. 2.8ची लेन्स असेल तर दारापाशी ते ठिपके जवळजवळ 47 फूट रुंदीवर पसरतात. दाराची रुंदी जेमतेम दहा फूट. बाकीचे ठिपके भिंती आणि रॅक दाखवण्यात जातात. आत येणाऱ्याच्या चेहऱ्याच्या वाट्याला आडवे वीसेक ठिपके येतात. ओळखीचा माणूस त्यात कळेल, अनोळखी नाही. अनोळखी चेहरा ओळखता यावा यासाठी मीटरला 250 ठिपके हवेत असं मानतात, म्हणजे चेहऱ्यावर सुमारे चाळीस. 6ची लेन्स लावली की तेच ठिपके साडेसतरा फुटांत मावतात आणि चेहऱ्यावर पन्नासहून अधिक येतात.

म्हणून गल्ल्यामागे आठ फुटांवर 6 मिलिमीटरचा बुलेट. आतली ही जागा मालकाच्या पाठीशी असल्याने तिथे कोणाचा हात पोचत नाही. त्याहून उंच नेण्याचा मोह टाळावा, कारण जितका वरून पाहाल तितके चेहऱ्याऐवजी डोकी आणि टोप्या दिसतात. पूर्ण दुकानावर नजर ठेवायला शटरच्या आतल्या कोपऱ्यात, छताला, 2.8चा गोळ्यासारखा उघड्या लेन्सचा कॅमेरा. तो रॅक, शोकेस आणि गल्ला एका चित्रात घेतो.

उजेड कुठून येतो?

पश्चिमेच्या दारातून संध्याकाळचं ऊन सरळ आत येतं. गल्ल्यामागचा कॅमेरा त्या उजेडाकडेच पाहतो, म्हणून दारातला माणूस काळा पडतो. यावर आकाराचा उपाय नाही. कॅमेऱ्यात डब्ल्यूडीआर हवं, साधारण 120 डेसिबलचं, आणि ते मेनूत चालू केलेलं हवं. नुसतं डीडब्ल्यूडीआर असेल तर ती चित्र उजळण्याची युक्ती आहे, तिची ताकद तेवढी नसते. बुलेटवरची टोपी थोडी पुढे सरकवली की तिरपं ऊन लेन्सवर येत नाही. डोमला अशी टोपी नसते, त्यामुळे त्याला छज्ज्याच्या सावलीत आत घ्यावं.

डोमची खरी अडचण रात्री दिसते. अंधारात पाहायला कॅमेरा न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. घुमटावर धूळ, बोटांचे ठसे किंवा ओरखडे असले, किंवा लेन्सभोवतीची रबरी कडी घुमटाला घट्ट टेकली नसली, तर तो प्रकाश आतच परततो. सगळं चित्र धुक्यात बुडाल्यासारखं पांढुरकं होतं. पुष्कळदा कारण याहूनही साधं असतं: घुमटावरची संरक्षक फिल्म काढायची राहिलेली असते. घुमट कोरड्या फडक्याने घासू नये. आधी पाण्याने धूळ उतरवावी, मग मऊ कापडाने टिपावं. पाटीचा किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पुरेसा असेल, तर बाहेरच्या डोमचा इन्फ्रारेड बंद ठेवावा, धुकं नाहीसं होतं. चित्र एकाच जागी चकाकत असेल, तर दोष घुमटाचा नाही. प्रकाश जवळची भिंत, शोकेसची काच किंवा बंद शटरवरून परततो आहे, कॅमेरा थोडा वळवून पाहावा.

बुलेटची पुढची काच सपाट असते आणि लेन्स प्रकाशापासून वेगळी राखलेली असते, त्यामुळे हा त्रास त्याला कमी. पण त्याच्याभोवती कोळी जाळं विणतो आणि रात्री ते जाळं पांढऱ्या दोऱ्यांसारखं झळकतं. महिन्यातून एकदा झाडू फिरवावा लागतो.

कॅमेरे बसवणाऱ्याला पूर्ण पैसे देण्याआधी दोन वेळा चित्र पाहा. एकदा ऊन दारात आल्यावर, एकदा शटर पाडून सगळे दिवे बंद केल्यावर. दोन्ही वेळा कोणाला तरी दारापाशी उभं करा आणि मोबाइलवरच्या थेट चित्रात नाही, तर साठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा चेहरा शोधा. तो ओळखता आला, तर कॅमेरा जागेवर बसला. नाही आला, तर बसवणारा शिडीवर आहे तोवरच लेन्स, कोन किंवा जागा बदलून घ्या.