बाहेर बसलेल्यांसाठी तीन मिनिटे

अँजिओग्राफीसाठी आत नेलेल्या माणसाला निदान आपल्याभोवती काय चालले आहे ते दिसत असते. बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला आणि मुलाला दिसते ते फक्त बंद दार. रुग्णालयाने नातेवाइकांना दाखवायचा व्हिडिओ लिहायला घेतला की आधी ही माणसे डोळ्यांसमोर आणावीत. बहुतेक संहिता मात्र हृदयाच्या रचनेपासून सुरू होतात. तीन रक्तवाहिन्यांची नावे, लाल रंगात धडधडणारे चित्र, मग तंत्रज्ञानाचे कौतुक. धास्तावलेल्या माणसाच्या कानात यातले काहीच शिरत नाही.

शांत आवाजात, जागा सोडत वाचायचे तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे तीन मिनिटांच्या व्हिडिओत तीनशे शब्द. कागदाचे दोन भाग करतात: एकीकडे पडद्यावर काय दिसेल ते, दुसरीकडे काय ऐकू येईल ते. पडद्यावर मनगट दिसत असेल तर निवेदनही मनगटाचेच हवे. चित्रीकरण त्याच रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये करावे आणि कॅमेरा टेबलावर झोपलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर ठेवावा. रक्त दाखवायची गरज नसते.

सांगायचे काय, याचा धडा परिचर्येच्या क्षेत्रातून मिळतो. जीन जॉन्सन या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले की डॉक्टर काय करणार एवढेच सांगण्यापेक्षा रुग्णाला काय जाणवेल हे आधी सांगितले तर त्याचा त्रास कमी होतो. म्हणून ‘मनगटातील धमनीतून कॅथेटर हृदयापर्यंत नेला जातो’ हे वाक्य पुरेसे नाही. संहितेत असे लिहावे: ‘मनगटाजवळ इंजेक्शन देऊन तेवढा भाग बधिर करतात. इंजेक्शन देताना थोडे चुरचुरते. बाबा पूर्ण जागे असतात, डॉक्टरांशी बोलू शकतात. साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी आत सरकते, ती बहुधा जाणवत नाही. डाय सोडल्यावर काहींना काही सेकंद अंगात गरम वाटते. ते आपोआप जाते.’ नळी कधीकधी मांडीच्या सांध्यातूनही घालावी लागते. तेही एका वाक्यात येऊ द्यावे, नाहीतर आयत्या वेळी ‘मनगट सोडून इथे का?’ म्हणून घरच्यांचा जीव वर-खाली होतो.

सर्वांत जास्त घोळ वेळेचा होतो. ‘तपासणी अर्ध्या तासाची’ असे व्हिडिओ सांगतो. ते खरे असते, पण घरच्यांचे घड्याळ रुग्णाला आत नेल्यापासून चालू झालेले असते. चाळीस मिनिटे झाली की त्यांच्या मनात नको ते येऊ लागते. तेव्हा दारापासून दारापर्यंतचा वेळ सांगावा: ‘आत नेल्यापासून बाहेर येईपर्यंत दीड-दोन तास जाऊ शकतात. तयारीत आणि आधीच्या रुग्णाच्या कामात वेळ जातो. उशीर झाला म्हणजे काही बिघडलेच असे नाही. शंका आली तर या टेबलावरील सिस्टरना विचारा.’ आणि ते टेबल पडद्यावर दाखवावे.

‘घाबरू नका, काही होत नाही’ हे वाक्य मी संहितेत कधीच ठेवणार नाही. तासाभरापूर्वी त्याच घरच्यांनी धोक्यांची यादी असलेल्या संमतिपत्रावर सही केलेली असते. मग त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? मनगटावर निळसर डाग पडणे नेहमीचे आहे. ठरवून केलेल्या अँजिओग्राफीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू असा गंभीर प्रसंग हजार रुग्णांत एक-दोघांवर येतो. हे याच आवाजात, याच गतीने सांगावे आणि लगेच तिथे कोण हजर असते, तेही सांगावे.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. मध्येच डॉक्टर बाहेर येतात, पडद्यावर ब्लॉकेज दाखवतात आणि विचारतात, ‘आताच अँजिओप्लास्टी करायची का?’ अनेकांना अँजिओग्राफी ही तपासणी आणि अँजिओप्लास्टी हा उपचार, हा फरक त्याच क्षणी पहिल्यांदा कळतो. बहुतेक व्हिडिओ हा प्रसंग टाळतात. त्याला निदान पंचेचाळीस सेकंद द्यावेत: तीन गोष्टी निघू शकतात, औषधे पुरेशी, स्टेंट किंवा बायपास. निर्णय तातडीचा आहे का, थांबले तर काय होईल आणि खर्च किती, हे विचारायला हरकत नाही.

लिहून झाल्यावर डॉक्टरांनी मान डोलावली म्हणजे संहिता पक्की होत नाही. वैद्यकीय चूक डॉक्टर पकडतील, पण न कळलेले वाक्य नातेवाईकच पकडतात. चार-पाच जणांना व्हिडिओ दाखवून म्हणावे, ‘आता घरी फोन करून हे काकूंना कसे सांगाल?’ जिथे ते अडखळतात किंवा तपासणीलाच ऑपरेशन म्हणतात, ते वाक्य पुन्हा लिहावे. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किडनीचा त्रास, डायची ॲलर्जी यांबद्दल व्हिडिओने सल्ला देऊ नये. ते प्रत्येकाचे वेगळे असते. ‘आदल्या दिवशी डॉक्टरांना सांगा’ एवढेच त्यात यावे.

तुमच्या घरी कुणाची अँजिओग्राफी ठरली असेल तर व्हिडिओ आदल्या दिवशीच मागून घ्या, रुग्णासोबत बसून पाहा आणि निर्णय घेणारे माणूस त्या वेळी रुग्णालयात हजर राहील असे बघा.