फाइल का नाकारली, हे मोजून सांगा

‘आपण अपलोड केलेला दस्तऐवज अवैध आहे. कृपया योग्य दस्तऐवज पुन्हा अपलोड करावा.’ ऑनलाइन अर्ज करणाऱ्याला येणारे हे उत्तर नम्र असते, व्याकरणशुद्धही असते. पण त्यात माहिती शून्य असते. पीडीएफ नाकारली जाण्याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की एकावरचा उपाय दुसऱ्यासाठी घातक ठरतो. म्हणून नकाराच्या ई-मेलमध्ये तीन गोष्टी हव्यातच: यंत्राने काय तपासले, काय सापडले आणि काय सापडायला हवे होते. महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवा देण्याची मुदत सर्व बाबींनी पूर्ण असलेला अर्ज मिळाल्यापासून मोजली जाते. पुरावाच स्वीकारला गेला नसेल तर अर्ज अपूर्ण राहतो, आणि अर्जदार मात्र दिवस मोजत बसलेला असतो.

मीरा रोड पूर्वेच्या बेव्हर्ली पार्कमधले एक भाडेकरू कुटुंब समजा. मुलाच्या शिक्षणासाठी उत्पन्नाचा दाखला हवा आहे आणि अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर करायचा आहे. ओळखीसाठी ई-आधार आणि पत्त्यासाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारनामा, अशा दोन पीडीएफ जोडायच्या आहेत. या पोर्टलवरच्या अनेक सेवांच्या अर्जांत दस्तऐवजासाठी ७५ ते ५०० केबी अशी चौकट दिलेली असते. दोन्ही कागद खरे आहेत, चालू आहेत, अर्जदाराच्याच नावाचे आहेत. तरी दोन्ही फाइली नाकारल्या जाऊ शकतात, आणि त्याही वेगवेगळ्या कारणांनी.

आधी करारनामा घेऊ. तो बारा पानांचा आहे आणि फोनच्या स्कॅनिंग अॅपने टिपला आहे. एका ए-फोर पानाला ३०० डीपीआयने स्कॅन केले, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू टिपले, तर २४८० गुणिले ३५०८ असे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानाचे मूळ आकारमान सव्वीस एमबीच्या आसपास जाते. जेपीईजी पद्धतीने ते दाबले तरी पान एक एमबीच्या घरात राहू शकते. अर्जदाराला फक्त ‘फाइल मोठी आहे’ एवढेच सांगितले तर तो साहजिकच दर्जा खाली ओढत जातो: रंग काढतो, १५० डीपीआयवर येतो. पान आता साधारण दीडशे केबीचे झाले, पण बारा पाने मिळून १.८ एमबी होतात. पाचशेची हद्द अजून साडेतीन पट खाली आहे. आणखी दाबले की अक्षरांभोवती करडे डाग येतात, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात, आणि मग हद्दीत बसलेली फाइल ‘अस्पष्ट’ म्हणून परत येते.

जेपीईजी ही पद्धत छायाचित्रांसाठी घडवली आहे, तिथे रंगछटा हळूहळू बदलतात. छापील अक्षराची कड मात्र एकदम काळ्याची पांढरी होते. अशा कडा टिकवायला जेपीईजीला जास्त बाइट खर्चावे लागतात, आणि ते काटले की पहिला आघात त्या कडांवरच होतो. मजकुराच्या पानाला खरे तर बिंदूमागे एकच बिट पुरते: काळा किंवा पांढरा. २०० डीपीआयच्या ए-फोर पानात सुमारे ३९ लाख बिंदू असतात, म्हणजे एक-बिट चित्राचे मूळ आकारमान ४८४ केबीच होते. त्यावर फॅक्ससाठी तयार झालेली ‘ग्रुप ४’ ही दाबणी वापरली, जी एकही बिंदू न गमावता लागोपाठच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या थोडक्यात लिहिते, तर मजकुराचे पान तीस-पस्तीस केबीपर्यंत उतरू शकते. बिंदू १५० वरून २०० डीपीआयपर्यंत वाढले, अक्षर अधिक टोकदार झाले, आणि फाइल एक चतुर्थांशाच्याही खाली आली. उपाय दर्जा उतरवण्यात नसून चित्राचा प्रकार बदलण्यात होता, आणि ‘फाइलचा आकार कमी करा’ या सूचनेत नेमकी तीच गोष्ट सांगितलेली नसते.

यालाही मर्यादा आहे. करारनाम्यात दोन्ही पक्षांची छायाचित्रे आणि अंगठ्यांचे ठसे असतात. एक-बिट चित्रात चेहऱ्याचा काळा गोळा होतो आणि फिकट शिक्का नाहीसाच होतो. म्हणून अशी दोन पाने १०० डीपीआयवर करड्या छटेत ठेवावीत, प्रत्येकी सत्तर केबी धरू, आणि उरलेली दहा एक-बिट ठेवावीत. सगळे मिळून ४४० ते ४९० केबी होतात आणि फाइल चौकटीत बसते. काही अॅपमधला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय दिसायला काळा-पांढरा असतो, पण आत जेपीईजीच साठवतो. ते ओळखण्याची खूण सोपी आहे: पर्याय बदलूनही आकार फारसा उतरला नाही तर प्रकार बदललेला नाही. आणि करारनामा ऑनलाइन नोंदवला असेल तर नोंदणीनंतर मिळालेली मूळ पीडीएफ आधी शोधावी. तिच्यात मजकूर अक्षररूपात असेल, तर तिची छापील प्रत काढून पुन्हा स्कॅन करणे म्हणजे हलकी, सुवाच्य फाइल जड आणि पुसट करून घेणे होय.

आता ई-आधार. ही फाइल उघडायला पासवर्ड लागतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. पीडीएफच्या रचनेत शेवटी एक नोंद असते, तिच्यात `/Encrypt` हा शब्द आला की आतला मजकूर कुलूपबंद आहे असे वाचणाऱ्या प्रणालीला कळते. पोर्टलला पासवर्ड विचारायची सोय नसते, त्यामुळे ती फाइल नाकारते किंवा स्वीकारून तपासणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर कोरा पडदा ठेवते. इथे आकार कमी करण्याचा सल्ला पूर्ण निरुपयोगी आहे. उलट एका पानाची फाइल फार दाबून ती ७५ केबीच्या खाली गेली तर ती ‘लहान’ म्हणूनही परत येईल.

नेहमीचा उपाय असा: पासवर्ड टाकून फाइल उघडायची, ‘प्रिंट’ निवडायचे आणि ‘सेव्ह अॅज पीडीएफ’ करायचे. कुलूप निघते, पण त्याबरोबर डिजिटल स्वाक्षरीही जाते. ही स्वाक्षरी पानावर दिसणाऱ्या हिरव्या खुणेत नसते. स्वाक्षरी करताना फाइलच्या बाइटवरून हॅश नावाचा एक लहान आकडा काढला जातो. कोणते बाइट मोजले, ते `/ByteRange` या नोंदीत लिहिलेले असते. स्वाक्षरीची स्वतःची जागा सोडून बहुधा सगळी फाइलच त्यात येते. एक बाइट बदलला तरी हॅश जुळत नाही. प्रिंट करून बनलेली पीडीएफ ही तर संपूर्ण नवी फाइल असते. तिच्यात खुणेचे चित्र उरते, स्वाक्षरी नाही. कॉम्प्रेस करणाऱ्या संकेतस्थळांचाही परिणाम हाच, कारण तीही फाइल नव्याने लिहितात. याउलट मूळ फाइल उघडल्यावर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘Validity unknown’ दिसले म्हणून कागद खोटा ठरत नाही. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्या संगणकातील सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत भारतीय प्रमाणपत्र यंत्रणेचे मूळ प्रमाणपत्र नाही. त्या कारणाने फाइल नाकारली जात असेल तर दुरुस्ती तपासणाऱ्याच्या संगणकावर करायला हवी.

म्हणून नकाराच्या उत्तरात आणखी एक वाक्य लागते: कार्यालयाला वाचण्याजोगी प्रत पुरेशी आहे की स्वाक्षरी पडताळता येईल अशी मूळ फाइल हवी आहे? प्रत पुरत असेल तर प्रिंटचा मार्ग बरोबर. मूळ हवी असेल तर तोच मार्ग चूक, आणि डिजिलॉकरमधून कागद थेट देण्याची सोय असल्यास ती सांगावी.

या कुटुंबाला जायला हवा तो ई-मेल असा: ‘नमस्कार. आपल्या अर्जाला जोडलेल्या दोन फाइली स्वीकारता आल्या नाहीत. कागदांच्या खरेपणाबद्दल शंका नाही. अडचण फाइलींची आहे. पत्त्याचा पुरावा १.८ एमबीचा आहे, मर्यादा ५०० केबी आहे. मजकुराची पाने काळ्या-पांढऱ्या प्रकारात २०० डीपीआयने आणि फोटो व ठशांची पाने करड्या छटेत १०० डीपीआयने स्कॅन करून सर्व बारा पाने एकाच फाइलमध्ये जोडावीत. ई-आधारला पासवर्ड असल्याने ते उघडले नाही. आम्हाला वाचनीय प्रत पुरेशी आहे, म्हणून ते उघडून ‘प्रिंट’मधून नवी पीडीएफ साठवावी, ती ७५ ते ५०० केबी असावी. मूळ फाइल जपून ठेवावी. पासवर्ड आम्हाला कळवू नये. याच अर्ज क्रमांकावर फक्त या दोन फाइली बदलाव्यात. नवा अर्ज करू नये.’

यावर पहिला आक्षेप असा, की इतके लिहायला कर्मचाऱ्यांना वेळ कुठे आहे. पण यातले जवळजवळ सगळे यंत्राला आधीच ठाऊक असते. आकार मोजल्याशिवाय त्याने फाइल नाकारलीच नसती. कुलूप आहे की नाही हेही त्याने पाहिले. फाइलची सुरुवात `%PDF-` ने होते का हे पाहून, जेपीईजीचे नुसते नाव बदलून पाठवली आहे काय ते समजते. शेवटी `%%EOF` नसेल तर अपलोड अर्धवट राहिल्याचा संशय घेता येतो. हे निष्कर्ष काढून मग ‘अवैध’ या एका शब्दाखाली पुरून टाकले जातात. प्रत्येक कारणाचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवले की आकडे त्यात आपोआप भरता येतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासणीचा तपशील उघड केला तर घातक फाइल पाठवणाऱ्याला पळवाट सापडेल. फाइलमधली स्क्रिप्ट किंवा संशयास्पद जोडणी यांच्याबाबत तो मान्य करायला हवा. तिथे ‘सुरक्षा तपासणीत अडली, कागद नव्याने स्कॅन करून पाठवा’ इतकेच पुरे. आकार, पासवर्ड, अर्धवट फाइल यांत मात्र लपवण्यासारखे काही नाही. उलट मोघम उत्तराचा धोका इथेच मोठा आहे. काय बिघडले ते न कळलेला माणूस फाइल लहान करून देणारे, पासवर्ड काढून देणारे कुठलेही अनोळखी संकेतस्थळ उघडतो आणि घरच्यांचे आधार, सही, अंगठ्याचा ठसा त्यावर चढवून मोकळा होतो. ही दोन्ही कामे फोनवरच होतात; आणि पूर्ण आधार क्रमांकाची गरज नसेल तिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार चालेल, असेही कार्यालयाला त्याच ई-मेलमध्ये लिहिता येते.

नवी फाइल चढवण्याआधी अर्जदाराने ती ज्या फोनवर बनवली त्यापेक्षा दुसऱ्या फोनवर उघडून पाहावी. पासवर्ड न विचारता ती उघडते का, बाराच्या बारा पाने सुलट आहेत का, सर्वांत बारीक अक्षर मोठे करून वाचता येते का, आणि तपशिलात दिसणारा आकार एमबीत आहे की केबीत, हे तिथे लगेच दिसते.