कापलेल्या चार ओळी आणि त्यांचा पुरावा

समाजभाषाविज्ञानावरच्या विद्यार्थी-निबंधांत एक खोड हमखास दिसते. ध्वनिमुद्रणातला संवादाचा तुकडा पानाच्या मध्यावर येतो आणि त्याच्या खाली लगेच ‘वरील उताऱ्यावरून असे दिसते की...’ हे वाक्य. उतारा कुणाचा, कुठला, त्यातल्या कुठल्या ओळीवरून काय दिसलं, यातलं काहीच वाचकाला कळत नाही. उतारा पुराव्यासारखा ठेवलेला असतो, पण तपासलेला नसतो. असा निबंध सुधारायचा तर भाषा गुळगुळीत करून भागत नाही. उताऱ्याची ओळख, त्याचा शब्दशः उलगडा आणि ओळीओळीचं विश्लेषण असं सगळं नव्याने लिहावं लागतं, आणि ते करताना निष्कर्षच बदलण्याची शक्यता असते. ते कसं घडतं, हे दाखवण्यासाठी मी एक निबंध आणि एक उतारा नमुन्यादाखल रचला आहे. प्रसंग मात्र मुंबई-ठाण्यात रोज घडणारा आहे.

विषय भाषाबदलाचा, म्हणजे बोलता बोलता एका भाषेतून दुसरीत जाण्याचा. निबंधातला मूळ उतारा एवढाच:

गिऱ्हाईक: भैया, टमाटर कैसे दिये?
विक्रेता: चाळीस रुपये किलो. गावठी हायेत.
गिऱ्हाईक: अच्छा, मग अर्धा किलो द्या.

आणि खाली निष्कर्ष: ‘यावरून शहरी मराठी माणूस हिंदीला अधिक प्रतिष्ठेची भाषा मानतो, हे स्पष्ट होते.’

हे वाक्य खरं असेल किंवा खोटं असेल. या तीन ओळींत मात्र त्याचा पत्ता नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे मुद्रणाकडे परत जाणं. लिहून काढलेल्या मजकुरावर विसंबायचं नाही, कान लावून पुन्हा ऐकायचं. एलिनॉर ऑक्स यांनी १९७९ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिलं की बोलणं कागदावर उतरवणं हीच सिद्धान्ताची पहिली पायरी असते. काय टिपायचं आणि काय गाळायचं हे ठरवताना संशोधकाने निम्मं विश्लेषण करून टाकलेलं असतं. आपल्या निबंधात काय काय गाळलं गेलं, ते पुन्हा ऐकून लिहिलेल्या उताऱ्यात दिसतं:

०१ गिऱ्हाईक: भैया, टमाटर कैसे दिये?
०२ (०.८)
०३ विक्रेता: चाळीस रुपये किलो. (.) गावठी हायेत.
०४ गिऱ्हाईक: अच्छा:: (०.४) मग अर्धा किलो द्या.
०५ विक्रेता: बाकी काय देऊ ताई?
०६ गिऱ्हाईक: [कोथ-]
०७ विक्रेता: [मिरची] ताजी हाय बघा.
०८ गिऱ्हाईक: कोथमीर कशी दिली दादा?

या खुणा गेल जेफरसन यांनी घडवलेल्या पद्धतीतल्या आहेत आणि संभाषणाचा अभ्यास करणारे जगभर त्या वापरतात. कंसातला आकडा म्हणजे सेकंदांत मोजलेली शांतता आणि कंसातलं टिंब म्हणजे मोजण्याइतकाही नसलेला थांबा. विसर्गासारखे दिसणारे दोन ठिपके स्वर लांबवल्याची खूण असतात. चौकटी कंस एकाच वेळी बोलले गेलेले शब्द दाखवतात आणि शब्दाच्या शेवटची आडवी रेघ तो शब्द तिथेच तुटल्याचं सांगते. शांतता अंदाजाने लिहायची नसते. ‘प्राट’सारख्या मोफत संगणकीय साधनात ध्वनिलहर पाहून ती मोजता येते. निबंधात किती खुणा वापरायच्या, हे ज्याच्या त्याच्या प्रश्नावर ठरतं. भाषाबदल तपासायचा असेल तर श्वासाचा आवाज टिपण्याची गरज नाही, पण थांबे टिपायलाच हवेत, कारण बदल पुष्कळदा थांब्याच्या कडेला होतो.

मूळ उताऱ्यात आणखी एक गोष्ट अडकली होती, आणि मराठीत ती फार बारकाईने पाहावी लागते. विक्रेत्याचं ‘हायेत’ लिहिणाऱ्याने जसंच्या तसं ठेवलं होतं. मुद्रणात गिऱ्हाईक बाईही ‘कोथिंबीर’ न म्हणता ‘कोथमीर’ म्हणतात. पुढच्या ओळी उतरवताना तोच लिहिणारा बाईंचा शब्द सवयीने ‘कोथिंबीर’ करून टाकणार, ही भीती खरी आहे. एकाचा उच्चार जसाच्या तसा आणि दुसऱ्याचा प्रमाण केलेला, असं झालं की विक्रेता अडाणी आणि बाई सुशिक्षित असं चित्र कागदावर उभं राहतं. ते बोलण्यातून आलेलं नसतं, लेखनिकाच्या हातून आलेलं असतं. जी सूट द्यायची ती दोघांना, आणि जी अचूकता पाळायची तीही दोघांच्या बाबतीत.

आता उताऱ्याची ओळख. ती उताऱ्याच्या आधी यावी आणि वाचकाला ऐकायला तयार करण्यापुरतीच असावी. आपल्या नमुन्यात ती अशी होईल: ‘ठाण्यातल्या भाजीबाजारात संध्याकाळी, दोघांच्या संमतीने केलेलं हे मुद्रण आहे. गिऱ्हाईक मध्यमवयीन, घरी मराठी बोलणारी बाई. विक्रेता पुरुष, त्याचीही घरची भाषा मराठी. दोघांची आधीची ओळख नाही. फक्त आवाज मुद्रित केला आहे, चित्रण नाही. उतारा बोलण्याच्या आरंभापासून घेतला आहे.’ यातलं प्रत्येक वाक्य पुढे उपयोगी पडतं. ओळख नसणं महत्त्वाचं, कारण ओळख असती तर बाईंना त्याची भाषा आधीच ठाऊक असती. चित्रण नाही हे सांगणंही गरजेचं आहे, ते का ते पुढे येईलच. ‘पुढील उताऱ्यात हिंदीची प्रतिष्ठा दिसते’ असं मात्र ओळखीत लिहायचं नाही. वाचकाने उतारा पाहण्याआधी त्याला निकाल सांगितला की त्याचे डोळे बांधले जातात.

मग येतो शब्दशः उलगडा. मराठी वाचकाला तो निरर्थक वाटेल, पण निबंध तपासणारा परीक्षक तमिळ किंवा जर्मन भाषक असू शकतो. भाषाविज्ञानात उलगड्याची तीन ओळींची रीत रूढ आहे. वरच्या ओळीत मूळ बोल, मधल्या ओळीत शब्दागणिक अर्थ आणि व्याकरण, आणि खाली सहज अर्थ. जर्मनीतल्या लाइपझिगच्या भाषाशास्त्रज्ञांनी तिचे नियम बांधून दिले आहेत. आठही ओळी अशा उलगडल्या तर पान भरून जाईल. ज्या ओळींच्या रूपावर आपला युक्तिवाद उभा आहे, तेवढ्याच घ्याव्यात. इथे त्या दोन आहेत, पहिली आणि आठवी.

```
०१  टमाटर | कैसे | दिये
    टोमॅटो.पुं. | कसा-पुं.अनेक. | दे-भूत.पुं.अनेक.
    ‘टोमॅटो काय भावाने देता?’

०८  कोथमीर | कशी | दिली | दादा
    कोथिंबीर.स्त्री. | कसा-स्त्री.एक. | दे-भूत.स्त्री.एक. | मोठा-भाऊ
    ‘दादा, कोथिंबीर काय भावाने देता?’
```

खालची ओळ नसती तर परक्या वाचकाने ‘कोथिंबीर तुम्ही कशी दिलीत?’ असा झालेल्या गोष्टीबद्दलचा प्रश्न समजून घेतला असता, कारण क्रियापद भूतकाळी आहे. खालची ओळ सांगते की इथे भूतकाळी रूपाने आत्ताचा भाव विचारला जातो. पण उलगड्याचा खरा फायदा वेगळाच आहे. दोन्ही ओळी अशा एकाखाली एक मांडल्या की लख्ख दिसतं: बाईंनी एकच प्रश्न, एकाच साच्यात, दोन भाषांत विचारला आहे. पहिल्यांदा ‘भैया’ म्हणून हिंदीत, नंतर ‘दादा’ म्हणून मराठीत. मूळ निबंधात उतारा चौथ्या ओळीलाच तोडला होता. नेमका हा पुरावा कापला गेला होता.

विश्लेषणाला यातूनच वाट मिळते. ओळ ०१ मध्ये अनोळखी विक्रेत्याशी हिंदीने सुरुवात होते. का, हे ओळ सांगत नाही. हिंदी भारदस्त वाटते म्हणून असेल, किंवा हा भाजीवाला उत्तरेकडचा असावा असा अंदाज असेल. ‘भैया’ हे संबोधन दुसऱ्या शक्यतेकडे झुकतं, पण सिद्ध काही करत नाही. ओळ ०२ मधली पाऊण सेकंदाहून थोडी जास्त शांतता मोहात पाडणारी आहे. ‘विक्रेता दुखावला’ असं लिहून टाकावंसं वाटतं. पण तो तेव्हा तराजूत दुसऱ्याचा माल टाकत असेल, आणि चित्रण नसल्यामुळे ते कळायला मार्ग नाही. म्हणून शांतता नोंदवायची, तिला भावना चिकटवायची नाही.

ओळ ०३ महत्त्वाची आहे. उत्तर भावाचंच आहे, भाषेबद्दल एक शब्दही नाही, पण ते मराठीत आहे. हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ च्या आपल्या लेखात एक कसोटी दिली: बोललेल्याचा अर्थ समोरच्याने काय घेतला, हे त्याच्या पुढच्या बोलण्यातून दिसतं, आणि विश्लेषकाने तिथेच पाहावं. ती इथे लावून बघा. विक्रेत्याच्या मराठी उत्तराचा अर्थ बाईंनी काय घेतला, हे ओळ ०४ मध्ये आहे. आधी लांबवलेलं ‘अच्छा’, जे हिंदीतही चालतं आणि मराठी बोलण्यातही रुळलेलं आहे, मग छोटा थांबा, आणि मग ‘मग अर्धा किलो द्या’ हे स्वच्छ मराठी. ‘अच्छा’ कुठल्या भाषेतलं हे ठरवायचा आग्रह धरू नये. ते दोन्ही काठांना लागून असल्यामुळेच तिथून पलीकडे जाणं सोपं झालं असावं, एवढंच म्हणता येतं.

ओळ ०५ मध्ये नातं सांगणारं संबोधन प्रथम मराठीत येतं, ‘ताई’, आणि ते विक्रेत्याकडून येतं. ओळ ०६ आणि ०७ मध्ये दोघं एकदम बोलतात. बाई ‘कोथ-’ वर थांबतात आणि त्याला बोलू देतात. इथे फार रेंगाळण्यासारखं काही नाही. पण या दोन ओळी गाळल्या असत्या तर ओळ ०८ हा तुटलेला प्रश्न पुरा करण्याचा प्रयत्न आहे, हे कळलं नसतं. आणि त्या ओळ ०८ मध्ये ‘ताई’ला ‘दादा’ने उत्तर मिळतं, ओळ ०१ चा साचा मराठीत परत येतो.

आता निष्कर्ष नव्याने लिहायला हवा. माझ्या मते तो असा असेल: ‘या संवादात हिंदी ही अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करण्याची भाषा आहे. समोरच्याचं मराठी कळताच गिऱ्हाईक दोन ओळींच्या आत भाषा बदलते, आणि संबोधनही बदलते (ओळी ०३, ०४, ०८).’ प्रतिष्ठेचं वाक्य काढून टाकावं लागेल. हिंदी खरोखर वरचढ वाटत असती तर विक्रेत्याने मराठीत उत्तर दिल्यावरही बाई हिंदीतच राहिल्या असत्या, किंवा निदान परत तिकडे वळल्या असत्या. तसं या आठ ओळींत झालेलं नाही.

सगळे मराठी भाषक असंच करतात, असं एका उताऱ्यावरून म्हणता येणार नाही. त्यासाठी असे आणखी संवाद लागतील, आणि त्यांत विक्रेता हिंदीतच उत्तर देतो असेही हवेत. तेव्हा गिऱ्हाईक काय करतं, हे मुद्रित केल्याशिवाय प्रतिष्ठेचा प्रश्न उघडताच येत नाही. निबंध लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती की उतारा तोडण्याआधी त्याच्या पुढच्या चार ओळी ऐका, आणि विश्लेषणातल्या ज्या वाक्यासमोर ओळीचा आकडा लिहिता येत नाही, ते वाक्य परीक्षकाच्या आधी स्वतःच खोडा.