सिंक कोरडं ठेवा, मावशी

"मावशी, आज मला यायला साडेनऊ होतील. छोटीला जेवायला घालून तुम्ही निघा, तिचे बाबा तोवर पोचतील. जाताना ओट्याचं तेवढं बघा. शेगडी उचलून खालचं सांडलेलं पुसून घ्या, ओल्या कचऱ्याच्या पिशवीला गाठ मारून ती बाहेर ठेवा. मग सिंक घासून कोरड्या फडक्याने पुसा, अगदी जाळीच्या कडेपर्यंत. ओलं फडकं नळावर टाकू नका, गॅलरीत वाळत घाला. भांड्यांच्या टोपलीखाली पाणी साचतं, तेही ओतून टाका. आणि ट्रॉलीच्या बिजागऱ्यांपाशी पेस्ट कंट्रोलवाल्याने ठिपके लावलेत ना, ते पुसू नका. तिथे फवारा तर मुळीच मारू नका."

ठाण्यातल्या एका नोकरदार आईचा हा व्हॉट्सॲपवरचा निरोप. ऐकायला रोजचीच कामं, पण यातल्या प्रत्येक वाक्यामागे एका किड्याचं अख्खं आयुष्य उभं आहे. स्वयंपाकघरातलं ते छोटं, फिकट तपकिरी झुरळ, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं. त्याला 'जर्मन झुरळ' म्हणतात. 2024 साली 17 देशांतल्या झुरळांचा डीएनए तपासला गेला, तेव्हा दिसलं की ते सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात एका रानझुरळापासून वेगळं झालं. म्हणजे ते मूळचं आपल्याच भागातलं, आणि आता माणसाच्या घराबाहेर, रानात ते सापडतही नाही!

सिंक पुसायचा आग्रह कशासाठी? या झुरळाची मादी नुसत्या पाण्यावर, अन्नाचा कणही न खाता, सुमारे सहा आठवडे काढू शकते. उलट समोर कोरडं अन्न आहे पण पाणी नाही, अशा वेळी ती जेमतेम दोन आठवडे टिकते. आपण डब्यांची झाकणं घट्ट लावतो आणि रात्रभर सिंकमध्ये ओलं फडकं सोडतो, तेव्हा तिच्या खऱ्या गरजेची सोय आपणच केलेली असते.

सांडलेलं पुसायचं कारण वेगळं. त्याने झुरळं उपाशी मरत नाहीत, पण ओट्यावर भाजीचा रस्सा असेल तर ती पेस्ट कंट्रोलच्या ठिपक्यांतल्या जेलकडे फिरकत नाहीत. रात्री त्यांच्यापुढे खाण्यासारखं तेवढे ठिपकेच उरायला हवेत.

त्या ठिपक्यांची करामत थक्क करणारी आहे. जेलमधलं विष मुद्दाम सावकाश काम करतं. झुरळ खातं, फटीत परततं आणि तिथे मरतं. बाहेर फारसं न पडणारी पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं शरीर खातात आणि त्यांच्यापर्यंतही विष पोचतं. फवाऱ्याचा वास मात्र झुरळांना हुसकावतो. ठिपक्यांजवळ तो मारला की ती जेल टाळतात आणि आणखी आतल्या फटींत पांगतात.

झुरळांनीही अशा विषारी आमिषावर तोड काढली होती. पूर्वी आमिषात ग्लुकोज घालत. काही ठिकाणची झुरळं ते तोंडालाच लावेनात. 2013 साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्या झुरळांच्या तोंडावरच्या चवीच्या केसांत ग्लुकोज लागताच कडू चव ओळखणाऱ्या पेशी जाग्या होतात. गोड त्यांना कडू लागतं! आमिष खाणारी मेली, नावडणारी जगली, आणि ती नावड पुढच्या पिढ्यांत उतरली. म्हणून ताजं जेल तसंच पडून राहिलं आणि झुरळंही दिसत राहिली, तर दुसऱ्या बनावटीचं जेल मागावं.

मावशींचं उत्तर आलं ते दोनच वाक्यांचं. "ताई, मिक्सर उलटा करून बघितलात का? खाली चहाच्या भुकटीसारखं काळं काळं पडलंय." ती विष्ठा. तिच्या वासावर बाकीची झुरळं गोळा होतात. मिक्सरचा तळ, फ्रिजच्या मोटरमागची जागा, दाराचं रबर या त्यांच्या आवडत्या जागा. जेल तिथेच हवं, मोठ्या ठिपक्याऐवजी मसुराएवढे पुष्कळ, पण लहान मुलाचा हात पोचणार नाही असे.

एकदा जेल लावून मात्र भागत नाही. मादी 30-40 अंड्यांची कुपी पिल्लं निघेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, पोटाला चिकटवून फिरते. त्या काळात ती फार थोडं खाते, आणि कुपीतल्या अंड्यांना जेल लागत नाही. म्हणून महिन्याभराने पुन्हा ठिपके लावायचे. तोवर सिंक रोज रात्री कोरडं ठेवायचं.

एक मर्यादा मात्र कितीही पुसलं तरी राहते. जुन्या इमारतींत पाइपांभोवतीच्या भोकांतून झुरळं या घरातून त्या घरात जातात. ती भोकं सिमेंटने बुजवून घ्या आणि जेल लावायचं असेल तेव्हा वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरालाही त्याच आठवड्यात लावायला सांगा.