साठ चिठ्ठ्या आणि घंटेचा वक्र

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत येते तिथे, ज्यूरीसाठी पेटीतून नावांच्या चिठ्ठ्या काढत. गोऱ्या नागरिकांची नावे पांढऱ्या चिठ्ठीवर असत, कृष्णवर्णीयांची पिवळ्या. यादीत कृष्णवर्णीय सुमारे ५ टक्के होते. एका खटल्यासाठी साठेक चिठ्ठ्या निघाल्या आणि त्यांत कृष्णवर्णीय एकही नव्हता. आरोपी एव्हरी स्वतः कृष्णवर्णीय होता. दाद मागत त्याचे प्रकरण १९५३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

साठाचे ५ टक्के म्हणजे तीन. मग तीनच्या जागी शून्य येणे हा निव्वळ योगायोग असू शकतो का?

समजा, डोळे मिटून साठ चिठ्ठ्या काढल्या, पिवळ्या मोजल्या, चिठ्ठ्या परत पेटीत टाकल्या आणि हे शंभर वेळा केले. साधारण २३ वेळा तीन पिवळ्या निघतील, जवळपास तितक्याच वेळा दोन, १५ वेळा एक आणि पाचेक वेळा एकही नाही. कधीमधी सात-आठसुद्धा येतील. दर खेपेला पिवळ्यांची टक्केवारी काढून मांडली, की जो ढीग तयार होतो, तेच नमुन्यातल्या प्रमाणाचे वितरण. नमुना बदलला की टक्केवारी किती हेलकावे खाते, ते त्यात दिसते.

हे हेलकावे मोजायला बहुतेक जण घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राचा आधार घेतात. त्यासाठी दोनच आकडे लागतात, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन. इथे सरासरी ३ चिठ्ठ्या. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे ६० × ०.०५ × ०.९५ चे वर्गमूळ, सुमारे १.६९. या वक्रात शून्याच्या डावीकडे ३.८ टक्के भाग येतो. आता हा भाग काय आहे ते नीट पाहावे. तिथे पिवळ्या चिठ्ठ्या शून्यापेक्षा कमी आहेत, उणे एक, उणे दोन! पेटीतून उणे चिठ्ठी कशी निघणार? खरा ढीग डावीकडे शून्याच्या भिंतीला चिकटलेला आहे आणि उजवीकडे लांब पसरलेला. घंटा मात्र दोन्ही बाजूंनी सारखी असते.

म्हणून वक्र वापरण्याआधी एक पडताळणी करतात: नमुन्यात अपेक्षित ‘हो’ किमान दहा आणि अपेक्षित ‘नाही’ही किमान दहा हवेत. काही पुस्तके पाचावर भागवतात. इथे ‘नाही’ ५७ आहेत, पण ‘हो’ तीनच. एकूण नमुना साठांचा आहे हे ऐकून पुष्कळजण इथेच फसतात. नमुना मोठा आहे की नाही, हे प्रमाणावर ठरते. ५ टक्क्यांसाठी दोनशे चिठ्ठ्या लागल्या असत्या.

या चुकीची किंमत किती? अचूक उत्तर काढणे अवघड नाही. ०.९५ ला साठ वेळा गुणले की ४.६ टक्के येतात. वक्राने थेट काढले तर ३.८, आणि पूर्णांकांसाठी अर्ध्याची नेहमीची दुरुस्ती केली तर ६.९. संख्याशास्त्रातली रूढ सीमारेषा ५ टक्क्यांची आहे. म्हणजे एकाच घटनेला एक आकडा संशयास्पद ठरवतो, तर दुसरा निभावून नेतो.

दुसरा प्रश्न एकमेकांवर अवलंबून नसण्याचा. काढलेली चिठ्ठी परत टाकत नाहीत, त्यामुळे पुढच्या चिठ्ठीची शक्यता किंचित बदलते. नमुना एकूण यादीच्या दहा टक्क्यांच्या आत असला तर हा फरक सोडून देता येतो. अगदी दहा टक्क्यांवरही स्टँडर्ड डेव्हिएशन जेमतेम ५ टक्क्यांनी फुगते. हजारो नावांच्या यादीतून साठ काढताना त्याची काळजी नको.

टेक्सासच्या हिडाल्गो काउंटीचे प्रकरण याच्या उलट. ते १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. तिथली ७९.१ टक्के लोकसंख्या मेक्सिकन वंशाची होती, पण अकरा वर्षांत ग्रँड ज्यूरीसाठी बोलावलेल्या ८७० जणांत त्यांच्यातले फक्त ३३९ होते. अपेक्षित ६८८, उरलेले १८२. दोन्ही दहाच्या कितीतरी वर. स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे १२, आणि तफावत ३४९ ची, म्हणजे २९ पट. निकालाच्या तळटीपेत न्यायालयाने हेच गणित मांडले आणि एवढ्या मोठ्या नमुन्यात तफावत दोन-तीन पटींच्या वर गेली तर संशयाला जागा आहे, असे म्हटले.

उरली यादृच्छिकतेची अट. जनमत चाचणीत ती आधी पाळावी लागते. ज्यूरीच्या खटल्यात नेमका वाद तिचाच असतो. ‘निवड आंधळेपणाने झाली’ असे धरून आकडा काढायचा, आणि तो अविश्वसनीय आला तर गृहीतकच सोडायचे. हिडाल्गोत नावे चिठ्ठीने निघतच नव्हती, आयुक्त ती स्वतः निवडत.

एव्हरीच्या खटल्यात न्यायालय या गणितात शिरलेच नाही. चिठ्ठी काढणाऱ्याला रंग दिसत होता, आणि साठांत पिवळी एकही नव्हती. तेवढ्यावरून भेदभाव सकृत्दर्शनी सिद्ध मानला गेला. तो खोडून काढण्याची जबाबदारी राज्यावर होती; राज्याला ते जमले नाही आणि एव्हरीची शिक्षा रद्द झाली.